एका पेजवर चार हात: आळंदच्या डाळमिलचा अनुभव

व्यवसायाच्या फेसबुक पेजवर लिहिणारे हात कितीही असले, तरी बाहेर एकच नाव दिसते. पोस्ट कोणी टाकली, कमेंटला उत्तर कोणी दिले, हे पेज सांभाळणाऱ्यांना आतून दिसते. ग्राहकाला दिसते ते फक्त दुकानाचे किंवा मिलचे नाव. त्यामुळे सकाळी एकाने दिलेला शब्द संध्याकाळी दुसऱ्याने मोडला, तर ग्राहकाच्या लेखी माणूस बदललेला नसतो, त्याच मिलने शब्द फिरवलेला असतो. गल्ल्यावर असे होत नाही. तिथे थोरले काका एक बोलले आणि त्यांचा मुलगा दुसरे बोलला, तरी गिऱ्हाईक चेहरा पाहते आणि कोणाचे किती धरायचे ते ठरवते. पेजवर चेहरा नसतो, म्हणून बोलण्यातला फरक थेट मालाच्या खात्रीवर येतो.

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात एका कुटुंबाची छोटी डाळमिल आहे. आसपासच्या शेतकऱ्यांची तूर घेऊन डाळ पाडायची आणि उमरगा, सोलापूर, लातूर, पुणे इथल्या घरांना ती एक आणि पाच किलोच्या पिशव्यांत पाठवायची, असा तिचा व्यवहार. ऑर्डर येतात त्या पेजवरून आणि व्हॉट्सअॅपवरून. पेजवर लिहिणारे चौघे: घरातली सून, म्हणजे प्रस्तुत लेखिका, कलबुर्गीच्या बाजारात रोज असणारा दीर, पुण्यात राहून फोटो आणि व्हिडिओ करणारा भाचा, आणि मिलमधले हिशेबनीस, जे बिले आणि पार्सले पाहतात. सून मराठीत लिहिते, दीर कन्नडमध्ये, हिशेबनीस बिदर-कलबुर्गीकडच्या दखनी वळणाच्या हिंदीत, आणि भाचा मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात. सीमाभागात ही काही विशेष गोष्ट नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या कोणत्याही दुकानात दिवसभर हेच चालते. अडचण आली ती या चारही बोलींवर एकच नाव छापले जाऊ लागल्यावर.

अशा वेळी पहिली सूचना बहुधा शैलीची येते: आपले लेखन जिव्हाळ्याचे असावे, सोपे असावे, विश्वासाचे असावे. अशी विशेषणे लिहून चौघांत वाटली, तरी त्यातून एक आवाज तयार होत नाही. जिव्हाळा म्हणजे दिराच्या दृष्टीने रोखठोक भाव सांगणे, आणि भाच्याच्या दृष्टीने प्रत्येक वाक्याखाली बदामाचे चिन्ह. दोघेही आपापल्या परीने ठरलेले पाळत असतात. आळंदच्या मिलमध्ये जे उपयोगी पडले ते याहून अगदी साधे होते. मालाविषयी काय म्हणायचे आणि काय कधीच म्हणायचे नाही, समोरच्याला कसे हाक मारायची, आणि तक्रार आली की काय करायचे, या तीनच गोष्टी ठरवल्या गेल्या. त्यांत पहिली गोष्ट सर्वांत जास्त वेळ खाणारी ठरली, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती.

मालाविषयीच्या विधानांची छाननी करण्यासाठी जुन्या पोस्टी आणि उत्तरे एकत्र काढून वाचली, तेव्हा एकाच डाळीला चार नावे मिळालेली दिसली. भाच्याने ती ‘गावरान’ आणि ‘ऑरगॅनिक’ म्हटली होती. दिराने ‘गुलबर्गा तूर’ म्हटले होते. हिशेबनीसांनी एका ग्राहकाला ‘तेलाचा थेंबही नाही’ असे कळवले होते. सुनेच्या लेखनात ‘बिनपॉलिश’ हा शब्द सतत येत होता. चौघांपैकी कोणीही खोटे बोलायला बसले नव्हते. प्रत्येकाला डाळीची एकेक बाजू ठाऊक होती, आणि त्या बाजूवरून प्रत्येकाने उरलेल्या डाळीचे वर्णन केले होते.

यांतले प्रत्येक विधान मिलच्या कामाशी ताडून पाहावे लागते. डाळ पाडताना तूर आधी चाळून स्वच्छ करतात, मग इमरी रोलरवरून काढून तिच्या सालीला ओरखडे पाडतात. नंतर तिला थोडे खाद्यतेल चोळून ढीग लावतात, उन्हात वाळवतात, पाणी मारून पुन्हा वाळवतात, आणि मग साल काढून दाणा फोडतात. साल दाण्याला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते. ती सुटावी म्हणून तेल आणि पाणी. म्हणजे ‘तेलाचा थेंबही नाही’ हे वाक्य या मिलच्या डाळीबाबत खरे नाही. ‘बिनपॉलिश’ मात्र खरे आहे, कारण पॉलिश ही डाळ तयार झाल्यावरची वेगळी पायरी आहे. तीत चमक यावी म्हणून डाळ पुन्हा तेल किंवा पाणी देऊन घासली जाते, आणि ही पायरी इथे होत नाही. दोन्ही शब्द ग्राहकाच्या कानाला सारखेच वाटतात, आणि म्हणूनच लिहिणाऱ्यांच्या मनात ते वेगळे असायला हवेत. ठरलेले वाक्य असे झाले: ‘साल सुटण्यासाठी तुरीला थोडे खाद्यतेल लावतो, डाळ झाल्यावर पॉलिश करत नाही.’ हे लांब आहे आणि जाहिरातीला शोभणारे नाही. पण चौघांपैकी कोणालाही, कोणत्याही भाषेत, उलटतपासणी झाली तरी ते मागे घ्यावे लागत नाही.

‘गावरान’ शब्द काढून टाकण्याचे कारण शेतात आहे. या पट्ट्यात बरेच शेतकरी संशोधन केंद्रांतून आलेली वाणे पेरतात. मर रोगाला तोंड देणारे ‘मारुती’ हे वाण इथे 1980च्या दशकापासून आहे, आणि कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली टीएस-3आर आणि जीआरजी-811 ही वाणे त्यानंतरची. ही वाणे चांगली आहेत. ती लपवून त्यांना गावरान म्हणण्याची गरज नाही. ‘ऑरगॅनिक’चा प्रश्न कायद्याचा आहे. सेंद्रिय म्हणून अन्नपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017च्या नियमांप्रमाणे त्याचे प्रमाणन लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना त्यात काही सवलती आहेत, पण अनेक शेतकऱ्यांची तूर एकत्र करून डाळ पाडणारी मिल त्या सवलतीवर विसंबून हा शब्द वापरू लागली, तर तिला उद्या कागद दाखवता येणार नाही. शेतकरी फवारणी करतात हे मिलला माहीत असताना तर तो शब्द वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

‘गुलबर्गा तूर’ हे नाव सर्वांत नाजूक. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून कलबुर्गी झाले, तरी इथल्या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाने. जिल्ह्यात तूर पिकते म्हणजे ते नाव प्रत्येकाला आपल्या पिशवीवर लावता येते, असा अनेकांचा समज असतो. 1999च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणे मात्र उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यायची असते. ती नोंद होईपर्यंत पेजवर ‘आळंद तालुक्यातली तूर, आळंदमध्येच पाडलेली डाळ’ असे लिहायचे ठरले. दिराला हे सुरुवातीला पटले नाही. बाजारात सगळेच ते नाव तोंडी वापरतात, मग लिहायला काय हरकत, असे त्याचे म्हणणे होते. पण तोंडी बोललेले गिऱ्हाईक घरी जाऊन विसरते आणि पेजवर लिहिलेले तसेच राहते, त्याचा फोटो निघतो, तो पुढे जातो. म्हणून लिहिण्याचा नियम बोलण्याच्या नियमापेक्षा कडक असायला हवा, हे लेखिकेचे ठाम मत आहे.

या छाननीतून एक वही तयार झाली. तिच्या एका बाजूला ‘असे म्हणायचे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘असे म्हणायचे नाही’, आणि प्रत्येक ओळीखाली कारण. कारण लिहिणे फार उपयोगी पडते. नुसती बंदी असली की नवा माणूस ती गोंडस शब्दांनी ओलांडतो. ‘ऑरगॅनिक’ नको म्हटले तर ‘नैसर्गिक’ लिहितो. प्रमाणन नाही आणि फवारणी होते हे कारण वाचले की दोन्ही शब्द आपोआप गळतात.

दुसरी गोष्ट हाक मारण्याची. मराठीत पेजवर तीन तऱ्हा चालत होत्या. सून ‘तुम्ही’ म्हणत होती, भाचा कधी ‘तू’वर येत होता आणि कधी ‘डिअर कस्टमर’वर, आणि सणाच्या पोस्टीत अचानक ‘आपण’ उगवत होते. कन्नडमध्ये दिराचे लेखन एकसारखे होते, कारण उत्तर कर्नाटकाच्या बोलीत आदराचा ‘री’ क्रियापदालाच लागतो. ‘हेळ्री’, ‘बर्री’ असे म्हटले की आदर आणि आपलेपणा दोन्ही आले. हिशेबनीसांच्या दखनीत ‘आप’ होते, पण वाक्ये तुटक आणि हुकमी असत: बिल नंबर भेजो, पत्ता भेजो.

यावर पहिला प्रस्ताव असा आला की सगळे मराठीत लिहून मग कन्नड आणि हिंदीत उतरवावे, म्हणजे एकसारखेपणा येईल. हा प्रस्ताव टाकून दिला, आणि त्याचे कारण करून पाहिल्यावर लगेच कळले. मराठीवरून उतरवलेले कन्नड शुद्ध होते, पण आळंदच्या बाजारात तसे कोणी बोलत नाही. ते वाचून मिल एखाद्या सरकारी खात्यासारखी वाटू लागली. एकच आवाज म्हणजे एकच वाक्य तीन भाषांत असे नव्हे. मग वाटणी झाली ती अशी: मालाविषयीची माहिती, भाव, पाठवण्याचे दिवस आणि परतीच्या अटी तिन्ही भाषांत तंतोतंत सारख्या, बोलण्याची ढब मात्र त्या त्या भाषेत वाढलेल्या माणसाची. मराठीत ‘तुम्ही’, कन्नडमध्ये ‘री’, हिंदीत ‘आप’ आणि क्रियापदही त्याला जुळणारे, म्हणजे ‘भेजिए’. ग्राहकाने ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत उत्तर, आणि त्या भाषेचा माणूस हजर नसेल तर त्या भाषेत अर्धेमुर्धे लिहिण्यापेक्षा ‘संध्याकाळपर्यंत सविस्तर कळवतो’ एवढेच. मिलने स्वतःला नेहमी ‘आम्ही’ म्हणायचे, कारण ‘मी’ म्हटले की ‘मी म्हणजे कोण’ हा प्रश्न येतो आणि पुढच्या वेळी ग्राहक त्या ‘मी’ला शोधतो. नातेवाचक हाक, म्हणजे ताई, दादा, काकू, ही ग्राहकाने आधी वापरली असेल तरच परत करायची. नाव वाचून वय ओळखता येत नाही, आणि पस्तिशीच्या बाईला ‘काकू’ म्हटले की पुढची डाळ दुसऱ्या दुकानातून जाते.

बदामाची आणि हात जोडल्याची चिन्हे यांवर बराच वाद झाला. शेवटी सणाच्या पोस्टीत चालतील, भावात आणि तक्रारीत नाही, असे ठरले. तक्रार करणाऱ्याला हसरे चिन्ह गेले की ते थट्टेसारखे लागते.

तक्रारीचे उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण आवाज फुटतो तो तिथेच. उन्हाळ्यात एका संध्याकाळी पेजवर कमेंट आली: ‘तुमच्याकडून घेतलेली डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही. पैसे वाया गेले.’ तासाभरात तिच्याखाली तीन उत्तरे पडली. भाच्याने लिहिले, ‘सो सॉरी ताई, लगेच रिप्लेस करून देतो.’ दिराने लिहिले, ‘आमच्या मिलची डाळ शिजत नाही असं होतच नाही, पाण्यात दोष असेल.’ हिशेबनीसांनी लिहिले, ‘बिल नंबर भेजो.’ तिन्ही उत्तरांवर मिलचे एकच नाव होते. बाईंनी पुढे विचारले ते अगदी रास्त होते: यांतले नक्की काय खरे धरायचे? खालच्या कमेंटमध्ये दोन अनोळखी माणसांनी डाळ जुनी असणार असा निकालही देऊन टाकला.

गंमत अशी की दिराचा अंदाज चुकीचा नव्हता. डाळ न शिजण्याची तीन सामान्य कारणे असतात. पहिले, पाणी जड असणे. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशींमधल्या पेक्टिनला धरून ठेवतात, आणि तो विरघळला नाही की डाळ मऊ होत नाही. सेडम, शहाबाद, चित्तापूरकडे जमिनीखाली चुनखडीचा दगड असल्याने तिथल्या बोअरवाल्यांना हा अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. पुण्या-सोलापुराच्या बोअरवरच्या वसाहतींतही तो येतो. दुसरे, चिंच किंवा टोमॅटो डाळीबरोबरच कुकरमध्ये घालणे. आंबटपणाने शिजणे लांबते. तिसरे, डाळ खरोखरच जुनी असणे. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने राहिलेले कडधान्य हळूहळू शिजायला हटवादी होते. पहिली दोन कारणे ग्राहकाच्या घरातली आहेत आणि तिसरे मिलचे. दोष कोणाचा हे न तपासता भाच्याने तो पत्करला आणि दिराने तो झटकला. दोन्ही उत्तरे तपासणीच्या आधीची होती, आणि हिशेबनीसांचे उत्तर तपासणीची सुरुवात असूनही ऐकणाऱ्याला दटावणीसारखे लागले.

नंतर ठरलेली पद्धत अशी. तक्रार प्रथम ज्याच्या नजरेस पडेल त्याने चौघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ही मी घेतली’ असे लिहायचे. त्यानंतर ती संपेपर्यंत बाकी तिघांनी त्या कमेंटखाली एक अक्षरही टाकायचे नाही. पहिले उत्तर उघड, कमेंटखालीच द्यायचे, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय झाले ते ग्राहकाच्याच शब्दांत, आपण काय तपासणार ते, आणि केव्हापर्यंत कळवणार ते. माफी आणि बदली या दोन्ही गोष्टी तपासणीनंतर. वर दिलेल्या कमेंटचे वहीत गेलेले उत्तर असे आहे: ‘सहा शिट्ट्यांनंतरही डाळ शिजली नाही, हे तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. पिशवीवरची पॅकिंगची तारीख आणि घरी पाणी बोअरचं आहे की नळाचं, एवढं मेसेजमध्ये सांगा. त्याच लॉटची वानगी आमच्याकडे ठेवलेली असते. ती उद्या शिजवून पाहतो आणि उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवतो.’

वानगी ठेवण्याचा उल्लेख शोभेसाठी नाही. प्रत्येक लॉटची पाव किलो डाळ तारीख लिहून डब्यात ठेवण्याची रीत मिलमध्ये आधीपासून होती, पण ती बाजारातल्या वादांसाठी. पेजवरच्या तक्रारीसाठी तिचा उपयोग होईल हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आता तक्रार आली की हिशेबनीस त्या तारखेची वानगी काढतात आणि ती मिलच्या घरी साध्या पाण्यात शिजवली जाते. तीही शिजली नाही तर दोष डाळीचा. त्या लॉटच्या सर्व ग्राहकांना बदली पाठवायची आणि उरलेला माल थांबवायचा. ती शिजली तर ग्राहकाला तसे कळवायचे आणि एक सोपी परीक्षा सांगायची: थोडी डाळ पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून चिंचेशिवाय शिजवा, आणि तेवढीच बोअरच्या पाण्यात. फरक दिसला की पाणी कारणीभूत आहे हे ग्राहकाला स्वतःच्या कुकरमध्ये पटते, आणि ‘पाण्यात दोष असेल’ हेच वाक्य आता आरोप न वाटता मदत वाटते. आवाज एक ठेवण्याचा भार इथे भाषेने उचललाच नाही. तो उचलला वानगीच्या डब्याने, कारण चौघांकडेही एकच पुरावा होता आणि एकच निर्णयाची वाट होती.

आता पेजच्या किल्ल्या. फेसबुकवर पेजचा प्रवेश दोन तऱ्हेने देता येतो. एकात माणूस पेजवर जाऊन काम करतो, आणि त्याला संपूर्ण किंवा अंशतः नियंत्रण मिळते. दुसऱ्यात त्याला फक्त ठरावीक कामे मिळतात, उदाहरणार्थ मेसेजना उत्तरे देणे किंवा कमेंट पाहणे, आणि ती त्याने मेटा बिझनेस सूटमधून करायची असतात. संपूर्ण नियंत्रण असलेला माणूस इतरांना आत घेऊ किंवा बाहेर काढू शकतो, म्हणून ते दोघांकडेच असावे. एकाकडेच असले तर त्याचा फोन हरवला किंवा खाते अडकले की पेजच हातातून जाते. आळंदच्या पेजवर ते सून आणि दीर यांच्याकडे आहे. हिशेबनीसांना मेसेज आणि कमेंट यांपुरता प्रवेश दिला, कारण त्यांचे काम ऑर्डर, पार्सल आणि तक्रारींचे. भाच्याला मजकुराचा प्रवेश आहे. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. मजकुराचा प्रवेश दिला की प्रसिद्ध करण्याचाही मिळतो. लिहून ठेवा पण टाकू नका, असे कुलूप लावता येत नाही. मसुदा ठेवण्याची सोय आहे, पण मसुदाच ठेवायचा हा आपसातला करार असतो. भाच्याशी तो करार झाला तो मालाविषयी दावा असलेल्या पोस्टींपुरताच; पावसात भिजलेल्या शेताचा फोटो त्याने विचारल्याशिवाय टाकावा. प्रत्येक गोष्टीला मंजुरी मागायला लावली की फोटो शिळे होतात आणि मुलगा कंटाळतो.

सर्वांत मोठा धोका पासवर्ड वाटून घेण्यात आहे, आणि लहान व्यवसायांत हीच रीत सर्रास असते. एकाच पासवर्डने चौघे आत गेले की कोणी काय लिहिले ते आतूनही कळत नाही, ओटीपी एकाच फोनवर येतो, आणि कोणी सोडून गेला तर पासवर्ड बदलून पुन्हा सर्वांना सांगावा लागतो. स्वतंत्र प्रवेश दिला तर पोस्टीखाली ती कोणी टाकली हे सांभाळणाऱ्यांना दिसते. त्याचा हेतू पकडापकडीचा नसावा. ‘तेलाचा थेंबही नाही’ हे वाक्य हिशेबनीसांकडून आले हे कळल्यामुळेच त्यांना मिलमध्ये नेऊन तेल लावण्याची पायरी दाखवता आली. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती, कारण त्यांची खोली पुढच्या बाजूला आहे. वाक्य सुधारण्याआधी माहिती पोचवावी लागली.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर ही सोय कमी आहे. मूळ फोनला चारपर्यंत इतर साधने जोडता येतात, पण जोडलेल्या फोनवरून कोणी उत्तर दिले हे नंतर धागा वाचताना ओळखू येत नाही. म्हणून चौघांनी ऑर्डरच्या उत्तराच्या शेवटी आपले एक अक्षर लिहायचे ठरवले. ग्राहकाला ते अक्षर खटकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी धागा हाती घेणाऱ्याला काल कोण बोलत होते ते कळते. तयार उत्तरांची सोय मात्र इथे फार कामाची आहे. तिरपी रेघ आणि एक छोटा शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर उमटते. अशी पन्नासपर्यंत उत्तरे ठेवता येतात. आळंदच्या फोनवर ती मोजकीच आहेत:

```
/bhav
/tel
/parcel
/shijat
```

`/tel` टाकले की तेल आणि पॉलिशचे ते ठरलेले लांब वाक्य येते, आणि `/shijat` टाकले की तारीख आणि पाणी विचारणारे उत्तर. याहून जास्त ठेवली की कोणते कुठे हे कोणाला आठवत नाही आणि माणसे पुन्हा मनाने लिहू लागतात. तयार उत्तर जसेच्या तसे धाडणेही बरे नाही. वर ग्राहकाच्या प्रश्नातला एखादा शब्द घेऊन एक ओळ हाताने लिहावी. नाहीतर दोनदा तेच उत्तर आले की समोरच्याला यंत्राशी बोलल्यासारखे वाटते.

आवाज खरोखर एक झाला की नाही हे पाहण्याची एक खात्रीची रीत आहे. मागच्या काही आठवड्यांतली मराठी उत्तरे कागदावर उतरवावीत, लिहिणाऱ्यांची नावे काढावीत, आणि ती उत्तरे पेजवर कधीच न लिहिणाऱ्या घरच्या माणसासमोर ठेवावीत. इथे ते काम सासूबाईंनी केले. प्रथम त्यांनी भाच्याची उत्तरे एका बाजूला आणि दिराची मोडकीतोडकी मराठी उत्तरे दुसऱ्या बाजूला अशी झटपट वेगळी केली. पुढच्या हंगामात त्यांना भाच्याची उत्तरे त्याच्या उत्साहावरून अजूनही ओळखता येत होती, पण कोणत्या उत्तरात काय कबूल केले आहे यावरून ती वेगळी करता येत नव्हती. तिथे थांबणे योग्य आहे. माणसाची ढब पूर्ण पुसायला गेले की लिहिणे निर्जीव होते. दावा, भाव आणि वचन यांत फरक उरला नाही एवढे पुरे.

वही मात्र एकदा करून ठेवण्याची वस्तू नाही. तूर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत नवा माल येतो. नवी डाळ लवकर शिजते, म्हणून उन्हाळ्यात लिहिलेले ‘आधी अर्धा तास भिजवा’ हे वाक्य जानेवारीत गैरलागू होते. शेतकरी बदलले की वाणाचा उल्लेख बदलतो. अधिकृत वापरकर्त्याची नोंद झाली तर नावाची ओळ बदलेल. म्हणून नवा माल गोदामात आला की पहिल्या लॉटची वानगी शिजवून वेळ पाहिली जाते, वहीतल्या ओळी दुरुस्त होतात, आणि मग `/shijat` आणि `/tel` ही उत्तरे मूळ फोनवर बदलून चौघांच्या ग्रुपवर जुने वाक्य आणि नवे वाक्य एकाखाली एक टाकले जाते. पेजवर जुनी माहिती असलेल्या पोस्टी पुसत नाहीत. त्यांच्याखाली मिलच्या नावाने तारखेसह दुरुस्तीची कमेंट लिहितात, म्हणजे जुनी पोस्ट शोधून आलेल्या ग्राहकालाही आजचे उत्तर तिथेच मिळते.